उत्पन्न लपवले नव्हते: आयकराच्या दंडाविरुद्धचे स्वतंत्र अपील

आयकर अधिकारी विवरणपत्राची छाननी करून उत्पन्नात वाढ करतो, तेव्हा करदात्याच्या हाती बहुधा दोन वेगळे आदेश पडतात आणि दोन्हींच्या मध्ये काही महिन्यांचे अंतर असते. पहिला आदेश करनिर्धारणाचा. करपात्र उत्पन्न किती आणि त्यावर कर व व्याज किती, एवढेच तो ठरवतो. याच आदेशाच्या शेवटी ‘दंडाची कारवाई स्वतंत्रपणे सुरू करण्यात येत आहे’ असे एक वाक्य असते आणि त्यासोबत कलम २७४ खालची नोटीस येते. दुसरा आदेश दंडाचा. करदात्याने उत्पन्न लपवले, किंवा उत्पन्नाचा चुकीचा तपशील दिला, असा ठपका ठेवून तो काढला जातो. १९६१ च्या आयकर कायद्यात करनिर्धारण वर्ष २०१६-१७ पर्यंतच्या उत्पन्नासाठी हा दंड कलम २७१(१)(सी) खाली होतो. बुडू पाहणाऱ्या कराइतकी रक्कम हा दंडाचा किमान आकडा आणि त्या कराच्या तिप्पट हा कमाल.

या दोन आदेशांविरुद्धची अपिलेही वेगवेगळी असतात. करनिर्धारणाविरुद्ध अपील केले असले तरी दंडाच्या आदेशाविरुद्ध आपोआप अपील होत नाही. दंडाचा आदेश हाती आला की त्यासाठी निराळा फॉर्म, निराळे शुल्क आणि निराळी मुदत लागते. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. करनिर्धारण निमूटपणे मान्य करून कर भरून टाकला असला, तरी दंडाविरुद्ध लढण्याचा हक्क जात नाही. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक छोटे व्यापारी आणि पगारदार ‘कर मान्य केला, आता बोलायला तोंड नाही’ असे समजून दंडही भरून मोकळे होतात.

हक्क शाबूत राहतो, कारण दोन्ही आदेशांमध्ये विचारले जाणारे प्रश्न वेगळे आहेत. करनिर्धारणात प्रश्न असतो की ही रक्कम करपात्र आहे का. दंडात प्रश्न असतो की करदात्याने ती लपवली का, किंवा तिच्याबद्दल खोटी वा चुकीची माहिती दिली का. सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये अन्वर अली यांच्या प्रकरणात, जुन्या १९२२ च्या कायद्याच्या संदर्भात, करनिर्धारणातला निष्कर्ष दंडाच्या कारवाईत पुरावा म्हणून घेता येतो, पण तो अंतिम नसतो, असे स्पष्ट केले. पुढे कायदा बदलला आणि सिद्ध करण्याचा भार बराचसा करदात्याकडे सरकला, तरी दोन्ही कारवाया स्वतंत्र आहेत हे सूत्र टिकून आहे. करनिर्धारणात हरलेला करदाता दंडाच्या अपिलात जिंकू शकतो. मात्र करनिर्धारणाच्या अपिलात ती वाढच रद्द झाली, तर तिच्यावर उभा असलेला दंडही कोसळतो. के. सी. बिल्डर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हे निर्विवाद केले. म्हणून करनिर्धारणाविरुद्ध अपील चालू असेल, तर त्याचा निकाल लागेपर्यंत दंडाची कारवाई थांबवावी, अशी लेखी विनंती अधिकाऱ्याकडे करणे शहाणपणाचे ठरते. कलम २७५ मधली मुदतीची रचना त्यासाठी पुरेशी जागा ठेवते.

एक काल्पनिक पण नेहमीच्या घडणीचे प्रकरण घेतले, तर पुढचा मार्ग नीट दिसतो. सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्याने करनिर्धारण वर्ष २०१६-१७ साठी १२ लाख रुपये उत्पन्न दाखवून मुदतीत विवरणपत्र भरले. हिशेबांचे लेखापरीक्षण झालेले होते. छाननीत दोन गोष्टी निघाल्या. पहिली म्हणजे गोदामाचे गळके पत्रे बदलण्यासाठी केलेला ४ लाखांचा खर्च त्याने दुरुस्ती म्हणून पूर्ण वजा केला होता. अधिकाऱ्याचे म्हणणे असे, की लाकडी कैच्या काढून लोखंडी कैच्या बसवल्या आणि छताची उंची वाढवली, म्हणून ही दुरुस्ती नव्हे. हा भांडवली खर्च आहे. त्याने १० टक्के दराने ४० हजारांचा घसारा दिला आणि उरलेले ३ लाख ६० हजार उत्पन्नात मिळवले. दुसरी गोष्ट म्हणजे एका बँकेतल्या मुदतठेवीचे ६० हजार रुपये व्याज विवरणपत्रात राहून गेले होते. उत्पन्न ४ लाख २० हजारांनी वाढले. त्या वर्षीच्या दराने, ३ टक्के उपकर धरून, या वाढीवरचा कर १ लाख २९ हजार ७८० रुपये झाला. त्यातले १ लाख ११ हजार २४० रुपये छताच्या खर्चावरचे आणि १८ हजार ५४० रुपये व्याजावरचे.

आदेश डिसेंबर २०१८ मध्ये आला. वाद वाढवायला नको म्हणून व्यापाऱ्याने अपील न करता कर व व्याज भरले. आदेशासोबत आलेल्या दंडाच्या नोटिशीकडे त्याने लक्ष दिले नाही, कारण कर भरल्यावर विषय संपला अशी त्याची समजूत होती. जून २०१९ मध्ये १ लाख २९ हजार ७८० रुपयांच्या दंडाचा आदेश आला. हा दंड किमान दराने, म्हणजे शंभर टक्के लावलेला होता. कमाल दराने तो ३ लाख ८९ हजार ३४० रुपये झाला असता.

नोटिशीला उत्तर न देणे ही या व्यापाऱ्याची सर्वांत महाग चूक. कारण कलम २७१(१)(सी) चा खरा कणा त्याखालच्या ‘स्पष्टीकरण १’ मध्ये आहे. उत्पन्नात वाढ झाली की ती रक्कम लपवली होती असे कायदा काही अटींवर गृहीत धरतो. करदात्याने काहीच खुलासा दिला नाही किंवा दिलेला खुलासा खोटा ठरला, तर हे गृहीतक लागू होते. खुलासा दिला पण तो पुराव्याने सिद्ध करता आला नाही, तर करदात्याला आणखी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. खुलासा प्रामाणिक होता आणि उत्पन्न काढण्यासाठी लागणाऱ्या सर्व महत्त्वाच्या बाबी त्याने उघड केल्या होत्या, या त्या दोन गोष्टी. गप्प बसणारा माणूस पहिल्याच पायरीवर गृहीतकात अडकतो. सुदैवाने अपिलात खुलासा देण्याची दुसरी संधी मिळते. मात्र नव्याने दाखल होणारे कागद नियम ४६ए खाली स्वीकारले जावेत यासाठी ते आधी का दिले नाहीत, याचे पटणारे कारण लागते.

दंडाविरुद्धचे बहुतेक कमकुवत अपील इथेच फसते. अपीलदार पुन्हा पुन्हा लिहितो की कर बुडवण्याचा माझा हेतू नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये धरमेंद्र टेक्स्टाइल प्रोसेसर्सच्या निकालात सांगितले, की हा दंड महसुलाची हानी भरून काढण्यासाठी असलेले दिवाणी उत्तरदायित्व आहे आणि त्यासाठी गुन्हेगारी हेतू सिद्ध करण्याची गरज नाही. त्यामुळे हेतू नव्हता एवढे म्हणून भागत नाही. अपील जिंकते ते तीन साध्या प्रश्नांच्या उत्तरांवर. खुलासा काय होता? त्याला कागद कोणता? आणि ती बाब अधिकाऱ्याने हुडकून काढली की करदात्याच्या स्वतःच्या कागदांत ती आधीपासून होती?

अपील लिहिण्याआधी मात्र आणखी एक कागद बारकाईने वाचावा लागतो, तो म्हणजे दंडाची नोटीस. कलम २७१(१)(सी) मध्ये दोन वेगळे ठपके आहेत. एक उत्पन्नाचा तपशील लपवण्याचा आणि दुसरा चुकीचा तपशील देण्याचा. नोटिशीचा छापील नमुना वर्षानुवर्षे दोन्ही पर्याय ‘किंवा’ने जोडून वापरला गेला. लागू नसलेला पर्याय अधिकाऱ्याने खोडायचा असतो. पण कित्येक नोटिशी न खोडताच निघाल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातील पूर्णपीठाने मार्च २०२१ मध्ये मोहम्मद फरहान शेख यांच्या प्रकरणात या प्रश्नाचा निकाल लावला. ठपका नेमका कोणता हे नोटिशीतूनच कळायला हवे. करनिर्धारणाच्या आदेशात तो स्पष्ट लिहिला आहे या सबबीवर संदिग्ध नोटीस तरून जाणार नाही. करदात्याचे प्रत्यक्ष नुकसान झाले का, हेही वेगळे दाखवावे लागत नाही. महाराष्ट्र आणि गोवा याच उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात असल्याने इथल्या करदात्यांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे. त्याआधी २०१७ मध्ये याच न्यायालयाने सॅमसन पेरिंचेरी यांच्या प्रकरणात, कारवाई एका ठपक्यावर सुरू करून दंड दुसऱ्या ठपक्यावर लावता येत नाही, असे म्हटले होते.

हा मुद्दा लागू झाला तर संपूर्ण दंड एका फटक्यात जातो आणि उत्पन्न लपवले की नाही या प्रश्नाकडे जाण्याचीही गरज उरत नाही. अधिकाऱ्यापुढे तो मांडला नसला तरी, कायद्याचा मुद्दा असल्याने, अपिलात प्रथमच मांडता येतो. तरीही सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नये. सांगलीच्या व्यापाऱ्याच्या नोटिशीत ‘चुकीचा तपशील दिला’ हा एकच पर्याय ठेवलेला होता आणि दंडही त्यावरच लावलेला होता. त्याला लढाई गुणवत्तेवरच लढावी लागणार होती. नोटिशीसोबत आणखी दोन गोष्टी तपासायच्या असतात. दंडाचा आदेश कलम २७५ च्या मुदतीत आहे का, ही पहिली. डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आणि करनिर्धारणाविरुद्ध अपील नसलेल्या या प्रकरणात ती मुदत ३० जून २०१९ ला संपत होती. दुसरी म्हणजे ठरावीक रकमेपुढच्या दंडाला वरिष्ठ अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी घेतली आहे का. आयकर अधिकाऱ्यासाठी ही मर्यादा १० हजार आणि सहायक वा उपायुक्तासाठी २० हजार रुपये आहे. या प्रकरणात दोन्ही बाबी ठीक होत्या.

मग उरतो मुख्य युक्तिवाद. त्यात दोन वाढी एकाच गाठोड्यात बांधून मांडणे ही घातक चूक ठरते. प्रत्येक वाढीचा स्वभाव वेगळा असतो आणि तिच्यासाठी लागणारे उत्तरही वेगळे. एका वाढीतला दुबळेपणा दुसऱ्या वाढीच्या भक्कम बाजूलाही झाकोळून टाकतो.

छताच्या खर्चाबद्दल सगळे तथ्य कागदावर होते. खर्च झाला होता, ठेकेदाराची बिले होती, पैसे धनादेशाने दिलेले होते आणि नफा-तोटा पत्रकात ‘गोदाम दुरुस्ती’ या नावाखाली तो स्वतंत्र ओळीत दाखवलेला होता. अधिकाऱ्याने यातले काहीही खोटे ठरवले नव्हते. मतभेद फक्त एका गोष्टीवर होता: कायद्याच्या दृष्टीने ही दुरुस्ती की नवी मालमत्ता? अशा प्रसंगासाठीच सर्वोच्च न्यायालयाचा १७ मार्च २०१० चा रिलायन्स पेट्रोप्रॉडक्ट्सचा निकाल आहे. त्या कंपनीने शेअर खरेदीसाठी काढलेल्या कर्जावरचे सुमारे २८ लाख ७७ हजार रुपयांचे व्याज खर्च म्हणून वजा केले होते. विभागाने ते नाकारले आणि दंडही लावला. न्यायालयाने म्हटले, की विवरणपत्रातली माहिती चुकीची किंवा खोटी असल्याचे आढळलेले नाही. कायद्यात न बसणारी मागणी केली एवढ्यावरून चुकीचा तपशील दिला असे होत नाही. तसे मानले, तर नाकारलेल्या प्रत्येक वजावटीवर दंड लावावा लागेल आणि कायद्याचा तो हेतू नाही.

व्यापाऱ्याच्या अपिलात यापुढे एक गोष्ट जोडता येते, आणि ती अनेक अपिलांमध्ये निसटते. अधिकाऱ्याने स्वतःच या खर्चावर घसारा दिला आहे. याचा अर्थ खर्च खरा आहे आणि धंद्यासाठीच झाला आहे, हे त्यालाही मान्य आहे. आज नाकारलेली वजावट पुढच्या वर्षांत घसाऱ्याच्या रूपाने थोडी थोडी मिळतच राहणार आहे. म्हणजे वाद वजावट मिळण्या-न मिळण्याचा नव्हता. ती कोणत्या वर्षात मिळायची याचा होता. जो खर्च विभागानेच पुढच्या वर्षांसाठी मान्य केला, तो दाखवणाऱ्याने चुकीचा तपशील दिला असे म्हणणे अवघड जाते.

या युक्तिवादालाही मर्यादा आहे. रिलायन्स पेट्रोप्रॉडक्ट्सचा निकाल वाटेल त्या दाव्याला कवच देत नाही. बिलेच बनावट असतील, ठेकेदार अस्तित्वातच नसेल, किंवा घराच्या बांधकामाचा खर्च गोदामाच्या नावावर टाकलेला असेल, तर तिथे तपशीलच खोटा असतो आणि या निकालाचा आधार मिळत नाही. ज्या दाव्याला कायद्यात कसलाही आधार सांगता येत नाही, त्याच्याकडेही न्यायालये संशयाने पाहतात. अपील कोणत्या बाजूचे आहे ते ओळखण्यासाठी एक कसोटी उपयोगी पडते. विवरणपत्र आणि त्यासोबतची पत्रके वाचणाऱ्याला खर्चाचे खरे स्वरूप कळले असते का? उत्तर ‘हो’ असेल, तर मतभेद कायद्याच्या अर्थाचा असतो. ‘नाही’ असेल, तर तो वस्तुस्थितीचा असतो आणि लढाई कठीण होते.

व्याजाची गोष्ट निराळी. तिथे मत कोणतेच नव्हते. ६० हजार रुपये दाखवायचे राहून गेले होते. ‘हा वादाचा विषय आहे’ असे इथे म्हणता येत नाही. इथला युक्तिवाद प्रामाणिक अनवधानाचा, आणि त्याचा आधार म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा प्राइस वॉटरहाउस कूपर्सचा निकाल. कर सल्ल्याचेच काम करणाऱ्या या संस्थेने उपदानाच्या तरतुदीची २३ लाख ७० हजार ३०६ रुपयांची रक्कम उत्पन्नात मिळवायची होती, ती मिळवली नाही. पण विवरणपत्रासोबत जोडलेल्या लेखापरीक्षण अहवालात ही रक्कम वजावटीस पात्र नाही असे स्पष्ट लिहिलेले होते. जी गोष्ट स्वतःच्याच अहवालात उघड लिहिली आहे ती लपवण्याचा प्रश्न येत नाही. ही मानवी चूक आहे, असे म्हणून न्यायालयाने दंड रद्द केला.

या निकालाचे नाव घेणारी अपिले खूप असतात आणि त्यातली पुष्कळ फेटाळली जातात, कारण त्यामागचे तथ्य कुणी दाखवत नाही. ‘चुकून राहिले’ हे शब्द कुणालाही लिहिता येतात. चूक झाली असल्याचे कागदांतून दिसावे लागते. सांगलीच्या व्यापाऱ्याकडे अशा तीन खुणा होत्या. मुदतठेव ताळेबंदात दाखवलेली होती. म्हणजे ठेव लपलेली नव्हती, फक्त तिचे व्याज आले नव्हते. बँकेने त्या व्याजातून १० टक्क्यांप्रमाणे ६ हजार रुपयांचा टीडीएस कापला होता आणि तो विभागाच्या फॉर्म २६एएस मध्ये व्यापाऱ्याच्या पॅन क्रमांकावर दिसत होता. तिसरी खूण सर्वांत बोलकी होती. व्यापाऱ्याने त्या ६ हजारांच्या टीडीएसचे श्रेयही विवरणपत्रात मागितले नव्हते. व्याज जाणूनबुजून दडवणारा माणूस आपल्याच हक्काचे ६ हजार रुपये सरकारजमा राहू देईल, हे पटत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र राहून गेल्या, यावरून एक अख्खी नोंदच निसटली होती असे दिसते. याउलट त्याने टीडीएसचे श्रेय घेऊन व्याज मात्र सोडले असते, तर ही खूण त्याच्यावरच उलटली असती.

तरी या भागात निकाल अनिश्चित राहतो, आणि करदात्याला ते आधी सांगायला हवे. व्याज राहिले ही गोष्ट अधिकाऱ्याने प्रश्न विचारल्यावर पुढे आली. विचारण्याआधी करदात्याने सुधारित विवरणपत्र भरले असते किंवा पहिल्याच सुनावणीत स्वतःहून सांगितले असते, तर स्थिती बरीच भक्कम झाली असती. पकडले गेल्यावर मान्य केले की आपोआप माफी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मॅक डेटाच्या प्रकरणात ते ठणकावून सांगितले. त्या कंपनीने ‘वाद टाळण्यासाठी, शांतता विकत घेण्यासाठी’ म्हणून ४० लाख ७४ हजार रुपये उत्पन्नात देऊ केले होते. पण त्यामागे दुसऱ्या संबंधित कंपनीच्या तपासणीत सापडलेली कागदपत्रे होती. न्यायालयाने म्हटले, की असा स्वेच्छेचा दिखावा कायद्याच्या खुलाशात बसत नाही. म्हणून अपिलात ‘मी कर भरला, वाद घातला नाही’ हा मुद्दा मुख्य ठेवू नये. तो बाजूला नोंदवावा. वजन खुलाशाच्या कागदांवर द्यावे.

अपील दाखल होते ते आयकर आयुक्त (अपील) यांच्याकडे, विभागाच्या संकेतस्थळावरून फॉर्म ३५ भरून. दंडाच्या मागणीची नोटीस हाती पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ते द्यावे लागते. दंडाच्या अपिलाचे शुल्क २५० रुपये. मुदत उलटली तर विलंब माफीचा अर्ज जोडता येतो. पण विलंबाचे कारण दिवसागणिक सांगावे लागते, आणि ‘नोटीस ईमेलवर आली ती पाहिली नाही’ एवढे कारण नेहमी चालेलच असे नाही. फॉर्ममध्ये ज्या आदेशाविरुद्ध अपील आहे त्याचे कलम आणि तारीख विचारलेली असते. तिथे करनिर्धारणाचे कलम व तारीख टाकण्याची चूक वारंवार होते, आणि अपील त्यावरूनच अडते. दंडाचा आदेश, मागणीची नोटीस आणि शुल्काचे चलन जोडावे लागते. कलम २७४ ची मूळ नोटीस आणि करनिर्धारणाचा आदेशही जोडावा, कारण आयुक्तांना नोटिशीतला ठपका त्यावरूनच तपासता येतो.

फॉर्मचे दोन भाग निर्णायक असतात. वस्तुस्थितीच्या निवेदनात काय घडले ते तारखांसह, कसलेही विशेषण न लावता सांगायचे. अपिलाच्या कारणांमध्ये प्रत्येक मुद्दा वेगळा आणि थोडक्यात मांडायचा. या व्यापाऱ्याचे पहिले कारण साधारण असे लिहिता येईल: ‘गोदामाच्या दुरुस्तीच्या खर्चाचे सर्व तपशील हिशेबात आणि लेखापरीक्षण अहवालात उघड केलेले होते, त्यातला कोणताही तपशील चुकीचा आढळलेला नाही, वाद केवळ खर्चाच्या स्वरूपाचा आहे, म्हणून १ लाख ११ हजार २४० रुपयांचा दंड रद्द व्हावा.’ दुसरे कारण व्याजाचे, त्यावरच्या १८ हजार ५४० रुपयांसह वेगळे. दोन्हींची रक्कम वेगळी लिहिल्याने आयुक्तांना एक भाग मान्य करून दुसरा नाकारणे सोपे जाते, आणि करदात्याला त्यातच लाभ असतो.

अपील केले म्हणून दंडाची वसुली आपोआप थांबत नाही. त्यासाठी अधिकाऱ्याकडे कलम २२०(६) खाली स्थगितीचा अर्ज करावा लागतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २०१७ च्या सूचनेनुसार वादातल्या मागणीच्या साधारण २० टक्के रक्कम भरल्यावर उरलेली वसुली अपिलाच्या निकालापर्यंत रोखली जाते. या प्रकरणात ती सुमारे २६ हजार रुपये होते. ही रक्कम अपील दाखल करण्याची अट नाही. ती फक्त वसुली थांबवण्यासाठी आहे.

सप्टेंबर २०२० पासून आयुक्तांपुढची बहुतेक अपिले चेहराविरहित पद्धतीने, दिल्लीतल्या राष्ट्रीय केंद्रामार्फत चालतात. नोटिशी संकेतस्थळावर येतात आणि उत्तरेही तिथेच द्यावी लागतात. समोर बसून समजावण्याची संधी नसल्याने लेखी निवेदन स्वतःच्या पायावर उभे राहील असे लिहावे लागते. मागणी केल्यास व्हिडिओद्वारे सुनावणी मिळते. टीडीएसच्या खुणेसारखा मुद्दा असेल, तर फॉर्म २६एएस चे पान, विवरणपत्रातला टीडीएसचा तक्ता आणि ताळेबंदातली ठेवीची ओळ शेजारी शेजारी लावून पाठवणे लांबलचक युक्तिवादापेक्षा अधिक काम करते. आयुक्त दंड कायम करू शकतात, कमी करू शकतात किंवा रद्द करू शकतात. त्यांना तो वाढवताही येतो, मात्र त्याआधी करदात्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. किमान दराचा दंड असलेल्या प्रकरणात हा धोका दुर्मीळ असला, तरी अपील करण्याआधी तो करदात्याला माहीत हवा.

करनिर्धारण वर्ष २०१७-१८ पासूनच्या उत्पन्नाला हीच झुंज वेगळ्या शब्दांत लढावी लागते. तिथे कलम २७०ए लागू आहे. उत्पन्न कमी दाखवले तर त्यावरच्या कराच्या ५० टक्के दंड आणि चुकीचे दाखवले तर २०० टक्के. चुकीचे दाखवण्याचे प्रकार कायद्याने मोजून दिले आहेत: तथ्ये दडवणे, हिशेबात खोटी नोंद, पुरावा नसलेला खर्च, न नोंदवलेली गुंतवणूक किंवा जमा, वगैरे. यातला नेमका कोणता प्रकार घडला हे अधिकाऱ्याने सांगितले नसेल, तर २०० टक्क्यांचा दंड टिकणे कठीण जाते, आणि अपिलात सर्वप्रथम हेच पाहावे. खुलासा प्रामाणिक असून सर्व महत्त्वाच्या बाबी उघड केल्या असतील, तर ती रक्कम कमी दाखवलेल्या उत्पन्नातूनच वगळली जाते, म्हणजे जुना युक्तिवाद नव्या कलमातही जिवंत आहे. ज्यांना लढायचेच नाही त्यांच्यासाठी कलम २७०एए ची वाट आहे. कर व व्याज मुदतीत भरून, करनिर्धारणाविरुद्ध अपील न करता, आदेश मिळालेल्या महिन्याच्या अखेरीपासून एका महिन्यात फॉर्म ६८ भरला, तर ५० टक्क्यांच्या दंडातून सूट मिळते. मूळ कलमानुसार चुकीचे दाखवल्याचा ठपका असेल तर ही सूट नव्हती. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला, तरी आधीच्या वर्षांची प्रकरणे १९६१ च्या कायद्यानेच चालतात.

सांगलीच्या प्रकरणाचा बहुधा निघणारा निकाल असा, की छताच्या खर्चावरचा १ लाख ११ हजार २४० रुपयांचा दंड रद्द होतो आणि व्याजावरचा १८ हजार ५४० रुपयांचा दंड आयुक्तांच्या मतावर एकीकडे किंवा दुसरीकडे झुकतो. आधी भरलेली २० टक्के रक्कम उरलेल्या दंडापेक्षा जास्त असेल, तर फरक परत मिळतो. जो भाग फेटाळला गेला त्याविरुद्ध आयकर अपिलीय न्यायाधिकरणाकडे फॉर्म ३६ भरून जाता येते. त्याची पीठे मुंबई, पुणे, नागपूर आणि पणजी इथे आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून ही मुदत आयुक्तांचा आदेश मिळालेल्या महिन्याच्या अखेरीपासून दोन महिने इतकी आहे. वस्तुस्थितीबद्दलचा शेवटचा शब्द न्यायाधिकरणाचाच असतो. त्यापुढे उच्च न्यायालयात कलम २६०ए खाली केवळ कायद्याचा भरीव प्रश्न घेऊनच जाता येते. तिथे ताळेबंदातली ठेव किंवा न मागितलेला टीडीएस नव्याने तोलला जात नाही, म्हणून या खुणा न्यायाधिकरणाच्या नोंदीत आधीच आलेल्या असाव्या लागतात.